बॅग हरवली तर एअरलाइनला पत्र कसं लिहायचं: आमच्या दादाच्या पत्राचा सगळा हिशोब

मे २०२५ मधली गोष्ट. दादा नौपाड्याहून ऐरोलीला माझ्याकडे आला तो हातात तीन पानी पत्र घेऊनच. एअरलाइनला पाठवायचं होतं आणि त्याआधी मी एकदा नजर टाकावी असं वहिनींचं म्हणणं, कारण मी काही वर्षं एअरपोर्टवर बॅगेज सर्व्हिसच्या काउंटरला होते. तीन पानं वाचली. विमान किती लेट झालं, काउंटरवरचा माणूस कसा बोलला, सोळा वेळा फोन केला तरी कोणी उचलला नाही, वहिनी किती रडल्या, सगळं होतं आणि सगळं खरं होतं. पण बॅगच्या टॅगचा नंबर नव्हता, तक्रारीचा नंबर नव्हता, आणि नक्की किती पैसे हवेत तेही कुठे लिहिलेलं नव्हतं. शेवटची ओळ "तरी योग्य ती नुकसानभरपाई मिळावी ही विनंती" अशी होती, आणि योग्य म्हणजे किती हे एकदा एअरलाइनवर सोडलं की काय होतं ते मी काउंटरच्या पलीकडून भरपूर पाहिलंय.

म्हणून ते पत्र आम्ही दोघांनी बसून नव्याने लिहिलं. ते कसं लिहिलं आणि प्रत्येक ओळीमागे काय कारण होतं ते इथे सांगते, कारण बॅग कोणाचीही हरवू शकते आणि नियम माहीत नसल्यामुळे लोक मिळेल ते घेऊन गप्प बसतात.

आधी झालं काय ते सांगते. माझी भाची मँचेस्टरला असते, तिच्या बाळंतपणासाठी दादा-वहिनी ११ फेब्रुवारी २०२५ च्या रात्री मुंबईहून निघाले, मध्ये आखातातल्या एका एअरपोर्टवर विमान बदललं आणि १२ तारखेला मँचेस्टरला उतरले. एकच एअरलाइन, एकच तिकीट, जायचं-यायचं दोन्ही. दोन बॅगा दिल्या होत्या, पट्ट्यावर एकच आली आणि ती दादाची. वहिनींची मरून रंगाची मोठी ट्रॉली, जिच्यात त्यांचे सगळे कपडे, गुडघ्याचा पट्टा, जादाचा चष्मा, बाळासाठी घेतलेलं सगळं आणि घरचा मसाला, मेतकूट, अळीव, डिंक वगैरे होतं, ती आलीच नाही. बाहेर फेब्रुवारीची थंडी आणि वहिनींच्या अंगावर प्रवासातला सुती ड्रेस आणि एक पातळ स्वेटर.

भाची तयारीची आहे, तिने फोनवर एकच सांगितलं की बाबा, रिपोर्ट केल्याशिवाय हॉलमधून बाहेर पडू नका, आणि तेच सगळ्यात महत्त्वाचं ठरलं. त्या रिपोर्टला पीआयआर म्हणतात, प्रॉपर्टी इरेग्युलॅरिटी रिपोर्ट. तो एअरलाइनच्या बॅगेज काउंटरवर मिळतो आणि त्यावर दहा अक्षरांचा एक नंबर असतो, पहिली तीन अक्षरं एअरपोर्टची, पुढची दोन एअरलाइनची आणि मग पाच आकडे. म्हणजे मँचेस्टरला केलेला रिपोर्ट `MANXX10432` असा काहीतरी दिसतो. जगातल्या बहुतेक एअरलाइन्स हरवलेल्या बॅगा शोधायला वर्ल्डट्रेसर नावाची एकच सिस्टिम वापरतात आणि हा नंबर त्या सिस्टिमचा असतो, त्यामुळे बॅग चुकून तिसऱ्याच देशात गेली तरी याच नंबरवरून ती जुळवता येते. दुसरा नंबर बॅगच्या टॅगचा, तो दहा आकडी असतो आणि चेक-इनला बोर्डिंग पासच्या मागे जो छोटा स्टिकर चिकटवून देतात त्यावर छापलेला असतो. बऱ्याच जणांचा तो बोर्डिंग पास विमानातच राहतो. बॅग हातात येईपर्यंत तो टाकायचा नाही, घरी पोचायच्या आधी त्याचा फोटो काढून ठेवायचा.

इथे आमच्या केसमध्ये एक गुंता होता. दोघांनी एकत्र चेक-इन केलेलं, त्यामुळे काउंटरवाल्याने दोन्ही बॅगा दादाच्या नावावर टाकल्या होत्या. बॅग वहिनींची, सामान वहिनींचं आणि टॅगवर नाव दादाचं. असं सर्रास होतं आणि कोणाच्या लक्षातही येत नाही. भरपाईची मर्यादा बॅगप्रमाणे नसते, प्रवाशाप्रमाणे असते, त्यामुळे सामान कोणाचं हे पत्रात स्पष्ट लिहावं लागतं. युरोपियन युनियनच्या कोर्टाने २०१२ मध्ये एका स्पॅनिश कुटुंबाच्या केसमध्ये म्हटलंय की दुसऱ्या प्रवाशाच्या नावावर दिलेल्या बॅगेत तुमच्या वस्तू होत्या हे सिद्ध करता आलं तर तुम्हीही स्वतंत्र दावा करू शकता. तो निकाल आपल्याकडे बंधनकारक नाही, पण म्हणून आम्ही पत्र दोघांच्या नावाने लिहिलं आणि दोघांनी सही केली.

आता कायदा. आंतरराष्ट्रीय प्रवासात बॅग हरवली तर १९९९ चा माँट्रियल करार लागू होतो, भारत त्यात २००९ मध्ये आला आणि आपल्या कॅरेज बाय एअर ॲक्ट १९७२ च्या तिसऱ्या परिशिष्टात तो आहे. तो पूर्ण वाचायची गरज नाही. पत्रासाठी त्यातल्या दोनच गोष्टी नीट समजायला हव्यात, एक तारखांची आणि एक रकमेची.

तारखांची गोष्ट अशी. बॅग आली पण फुटलेली आली किंवा आतून काही गायब असेल, तर बॅग मिळाल्यापासून ७ दिवसांच्या आत लेखी कळवायचं. बॅग उशिरा आली आणि त्यामुळे खर्च झाला तर बॅग हातात पडल्यापासून २१ दिवसांच्या आत लेखी. आणि बॅग आलीच नाही तर ती ज्या दिवशी यायला हवी होती तिथून २१ दिवस झाले की ती हरवली असं धरून तुम्ही भरपाई मागू शकता, एअरलाइन "अजून शोधतोय" म्हणाली तरी. आमच्या बाबतीत १२ फेब्रुवारीपासून २१ दिवस म्हणजे ५ मार्च. त्यानंतर ती बॅग कायद्याच्या भाषेत उशिरा आलेली राहिली नाही, हरवलेली झाली. कोर्टात जायची मुदत विमान पोचल्यापासून दोन वर्षं, म्हणजे १२ फेब्रुवारी २०२७ पर्यंत.

यात लोक फसतात ते असं की एअरपोर्टवर पीआयआर केला म्हणजे तक्रार झाली असं धरून चालतात. पीआयआर हा बॅग मिळाली नाही याची नोंद आहे, पैशाची मागणी त्यात नसते, आणि बऱ्याच एअरलाइन्स नंतर सांगतात की तुम्ही आमच्याकडे क्लेम केलाच नाही. भाचीने २४ फेब्रुवारीला एअरलाइनच्या वेबसाइटवरचा फॉर्म भरून तोपर्यंतच्या खर्चाच्या पावत्या टाकल्या होत्या आणि त्याची पोच आलेली ईमेल जपून ठेवली होती. तेवढ्यामुळे मुदतीचा प्रश्नच आला नाही.

रकमेची गोष्ट थोडी समजून घ्यावी लागते. करारात भरपाईची कमाल मर्यादा एसडीआरमध्ये दिलेली आहे. एसडीआर म्हणजे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशोबाचं एकक, डॉलर, युरो, पाऊंड, येन आणि युआन यांच्या टोपलीवरून त्याची किंमत ठरते आणि नाणेनिधीच्या साइटवर रोजचा दर मिळतो. महागाईप्रमाणे ही मर्यादा दर पाच वर्षांनी तपासतात, आधी ती एका प्रवाशाला १२८८ एसडीआर होती, २८ डिसेंबर २०२४ पासून करारात ती १५१९ झाली. एक एसडीआर साधारण १२० रुपये धरला तर १ लाख ८० हजारांच्या आसपास. तुमच्या तिकिटाच्या अटींमध्ये जुना आकडा छापलेला असू शकतो, म्हणून अटी उघडून बघायच्या आणि त्या पानाचा स्क्रीनशॉट ठेवायचा. पण लक्षात ठेवा, ही मर्यादा आहे, ठरलेली रक्कम नाही. तुमचं नुकसान ४० हजारांचं असेल तर ४० हजारच मिळणार, आणि ते दाखवायचं काम तुमचं. सामानाची किंमत आणि बॅग नसल्यामुळे झालेला खर्च दोन्ही मिळून या एकाच मर्यादेत बसतात.

आणि आता ते, ज्यासाठी दादा खरं तर इतका चिडला होता. २८ एप्रिलला एअरलाइनची ईमेल आली होती की तुमच्या बॅगचं वजन २२.४ किलो, किलोला २० डॉलरप्रमाणे ४४८ डॉलर देतो, सोबतच्या फॉर्मवर सही करून पाठवा. तेव्हाच्या दराने ३८ हजारांच्या आसपास. दादाला वाटलं नियमच असा असेल, त्याला रक्कम कमी वाटत होती पण का कमी ते सांगता येत नव्हतं. मी बघितलं आणि लगेच ओळखलं. किलोला २० डॉलर हा हिशोब १९२९ च्या जुन्या वॉर्सा कराराचा आहे, त्यात सामानाची भरपाई वजनावर होती. माँट्रियलमध्ये प्रवाशाच्या बॅगेला वजनाचा काही संबंध नाही. मुंबईहून निघून मुंबईलाच परत यायचं तिकीट आहे, भारत माँट्रियल करारात आहे, मग वॉर्साचा हिशोब लागतोच कुठे? दादाला म्हटलं, "तू सही केलीस का त्यावर?" तर म्हणाला, "नाही गं, वहिनीने करू दिली नाही, म्हणाली आधी ऐरोलीला विचारून या." ती सही झाली असती तर फॉर्मवर "पूर्ण आणि अंतिम" असं लिहिलेलं होतं, मग पुढे मागायला तोंडच राहिलं नसतं.

मग आम्ही हिशोबाला बसलो. दोन याद्या केल्या आणि त्या मुद्दाम वेगळ्या ठेवल्या.

पहिली यादी बॅग नसल्यामुळे तिकडे कराव्या लागलेल्या खर्चाची. याची कसोटी एकच, त्या दिवशी, त्या ठिकाणी, त्या माणसाला ती वस्तू खरंच लागणार होती का. थंडीच्या देशात जॅकेट लागणारच, ठाण्यात लागलं नसतं. परत घरी उतरल्यावर बॅग आली नाही तर हा खर्च एअरलाइन सहसा फारसा मान्य करत नाही, कारण घरी कपडे असतात. दादाच्या मूळ यादीत भाचीकडे झालेल्या बारशाच्या जेवणाचा खर्च पण होता, कारण "त्यात वापरायचा मसाला बॅगेत गेला आणि बाहेरून जेवण मागवावं लागलं." मी तो काढायला लावला. दादाला पटत नव्हतं, पण अशी एक ओळ यादीत असली की वाचणारा बाकीच्या दहा ओळींकडे पण संशयाने बघतो, हे मी त्या बाजूला बसून अनुभवलंय. परतीसाठी घेतलेली नवी बॅग पण काढली, कारण हरवलेल्या बॅगची किंमत दुसऱ्या यादीत येतेच.

जॅकेटचं असंच. वहिनींनी तिकडे ५५ पाऊंडांचं जॅकेट घेतलं आणि हरवलेल्या बॅगेत पण त्यांचं एक जॅकेट होतं. दोन्ही लिहिले तर एकाच वस्तूचे दोनदा पैसे मागितल्यासारखं होतं, आणि एअरलाइन असं पण म्हणते की नवीन जॅकेट तर तुमच्याकडेच राहिलं, मग अर्धेच देतो. म्हणून आम्ही नव्याचे पूर्ण पैसे पहिल्या यादीत मागितले, हरवलेलं जॅकेट दुसऱ्या यादीत धरलंच नाही, आणि तसं पत्रात सरळ लिहिलं.

दुसरी यादी हरवलेल्या सामानाची, आणि इथे पुराव्याचा खरा प्रश्न येतो. दोन वर्षांपूर्वी दादरला घेतलेल्या साडीची पावती कोण ठेवतं? पण पावती म्हणजे फक्त दुकानाचं बिल असं नाही. बँकेच्या स्टेटमेंटमधली एंट्री चालते, यूपीआयची हिस्टरी चालते, ऑनलाइन ऑर्डरची ईमेल चालते, ती वस्तू अंगावर असलेला लग्नातला फोटो चालतो. आणि आमच्याकडे तर त्याहून भारी गोष्ट निघाली. निघायच्या आदल्या दिवशी वहिनींनी पलंगावर बॅग उघडी ठेवून तिचा फोटो घरच्या ग्रुपवर टाकला होता, "अजून काय राहिलं सांगा गं" म्हणून. त्या फोटोत वरच्या बाजूला पैठणीची घडी, बाजूला बाळाची दुपटी, कोपऱ्यात गुडघ्याच्या पट्ट्याचा खोका आणि मसाल्याची बरणी, सगळं दिसतंय आणि वर तारीख १० फेब्रुवारी २०२५. तोच फोटो आम्ही पत्राला पहिला जोडला. तेव्हापासून आमच्या घरात बॅग बंद करायच्या आधी फोटो काढतातच.

किंमत लिहिताना आम्ही घेतलेली किंमत आणि मागत असलेली किंमत दोन्ही लिहिल्या. वापरलेल्या वस्तूला एअरलाइन घसारा लावते, म्हणजे वापराप्रमाणे किंमत कमी करते. तुम्ही आधीच रास्त घट धरून लिहिलं तर त्यांना आणखी कापायला फारशी जागा राहत नाही. पूर्ण किंमत लिहिली तर ते स्वतःच्या मनाने निम्मी करतात आणि मग भांडत बसावं लागतं.

एक वस्तू नाजूक होती, बाळासाठी घेतलेले चांदीचे वाळे, ८,६०० रुपयांचे, बिल होतं. चांदी-सोनं, रोख, लॅपटॉप, कागदपत्रं या गोष्टी चेक-इन बॅगेत ठेवू नका असं जवळपास सगळ्या एअरलाइन्सच्या अटींमध्ये असतं आणि त्यावर बोट ठेवून ते नकार देतात. दुसरीकडे करारातच असं कलम आहे की जबाबदारीतून सुटण्यासाठी किंवा मर्यादा कमी करण्यासाठी एअरलाइनने घातलेली अट चालत नाही, त्यामुळे वाद घालायला जागा आहे. आम्ही वाळे लिहिले पण शेवटी, वेगळ्या ओळीत, म्हणजे ते नाकारले गेले तरी बाकीच्या यादीला धक्का लागू नये.

मानसिक त्रासाचे दोन लाख हे दादाच्या डोक्यात पक्कं होतं. वहिनींना झालेला त्रास मला दिसत होताच, पहिल्या नातवंडासाठी स्वतः शिवलेली दुपटी गेली त्याची किंमत कशात करणार. पण माँट्रियल करारात दंड म्हणून किंवा नुकसानाची भरपाई नसलेली रक्कम मागता येत नाही असं स्पष्ट लिहिलंय, आणि एअरलाइनचा क्लेम बघणारा माणूस ती ओळ वाचून पूर्ण पत्रच बाजूला ठेवतो. आपल्याकडे ग्राहक आयोग अशा केसेसमध्ये मानसिक त्रासासाठी रक्कम देतात, तर ती मागणी तिथे करायची. पत्रात आम्ही फक्त हक्क राखून ठेवतो एवढंच लिहिलं.

१९ मे २०२५ ला पत्र गेलं, ईमेलने एअरलाइनच्या क्लेम विभागाला आणि रजिस्टर्ड पोस्टाने त्यांच्या मुंबईच्या ऑफिसला. मूळ पत्र इंग्रजीत होतं, मराठीत ते साधारण असं:

"विषय: हरवलेल्या चेक-इन बॅगेबाबत भरपाईची मागणी. पीआयआर क्रमांक MANXX10432, बॅग टॅग क्रमांक (दहा आकडी), प्रवास मुंबई ते मँचेस्टर, ११-१२ फेब्रुवारी २०२५.

आम्ही पती-पत्नी वरील प्रवासाचे प्रवासी आहोत. आम्ही दोन बॅगा चेक-इन केल्या. दोन्हीचे टॅग पतीच्या नावावर निघाले, परंतु वरील टॅगच्या बॅगेतील सर्व सामान पत्नीचे होते. ही बॅग मँचेस्टरला मिळाली नाही. त्याच दिवशी पीआयआर केला आणि २४ फेब्रुवारी २०२५ रोजी आपल्या वेबसाइटवर लेखी क्लेम केला, त्याची पोच जोडली आहे. बॅग पोचायला हवी होती त्या तारखेपासून २१ दिवस ५ मार्च २०२५ रोजी पूर्ण झाले. बॅग आजपर्यंत मिळालेली नाही, त्यामुळे ती हरवली असे धरून माँट्रियल कराराच्या कलम १७ प्रमाणे आम्ही भरपाई मागत आहोत.

अ. बॅग नसल्यामुळे झालेला खर्च, पाऊंडमध्ये: साबण, ब्रश, तेल वगैरे १८.४०. थर्मल आणि आतले कपडे ४६. जॅकेट ५५. दोन पँट, दोन स्वेटर ६२. बूट ३८. आपल्या ऑफिसने बॅग ओळखायला बोलावले त्या दिवशीची टॅक्सी २४. एकूण २४३.४०. सर्व पावत्या जोडल्या आहेत.

ब. हरवलेले सामान, रुपयांमध्ये, वापराची घट वजा करून: ट्रॉली बॅग ६,५००. पैठणी १२,०००. इतर तीन साड्या ७,०००. सहा ड्रेस ६,०००. स्वेटर आणि शाल ३,५००. चपला-बूट २,५००. चष्मा आणि गुडघ्याचा पट्टा ६,०००. बाळाचे नवे कपडे ४,२००. मसाले व कोरडे खाद्यपदार्थ ५,३००. चांदीचे वाळे ८,६००. एकूण ६१,६००. मूळ किंमत, खरेदीचा महिना आणि पुरावा सोबतच्या तक्त्यात दिला आहे. यादी अ मध्ये जॅकेट घेतल्यामुळे हरवलेल्या जॅकेटची किंमत येथे धरलेली नाही.

आपण २८ एप्रिल रोजी वजनावरून ४४८ डॉलर देऊ केले. या प्रवासाला माँट्रियल करार लागू आहे आणि त्याच्या कलम २२ मध्ये सामानाची मर्यादा प्रवाशामागे आहे, वजनामागे नाही. आमची एकूण मागणी त्या मर्यादेच्या बरीच खाली आहे. म्हणून ती रक्कम आम्हाला मान्य नाही.

वरील रक्कम ३० दिवसांत खाली दिलेल्या खात्यात जमा करावी. एखादी वस्तू नाकारल्यास त्या वस्तूचे कारण लेखी द्यावे. मुदतीत उत्तर न आल्यास आम्ही ग्राहक आयोगाकडे जाऊ, त्यावेळी इतर मागण्या करण्याचा हक्क राखून ठेवत आहोत."

एवढंच. दीड पान. "एखादी वस्तू नाकारल्यास त्या वस्तूचं कारण द्या" ही ओळ माझ्या आग्रहाने घातली. ती नसली तर उत्तर येतं की "सद्भावना म्हणून अमुक रक्कम", आणि कशाचे दिले, कशाचे नाही काही कळत नाही.

तुमचा प्रवास देशातल्या देशात असेल, समजा मुंबई ते नागपूर, तर मर्यादा खूप कमी आहे, एका प्रवाशाला २०,००० रुपये. पण नागपूर-मुंबई-लंडन असं एकाच तिकिटावर असेल आणि बॅग नागपूर-मुंबईमध्ये हरवली तरी तो आंतरराष्ट्रीय प्रवासच धरतात, हे विसरू नका. वाटेत एअरलाइन बदलली असेल तर ज्या एअरलाइनने शेवटी उतरवलं तिच्याकडे रिपोर्ट करायचा, ती "आधीच्या कंपनीला विचारा" म्हणाली तरी हलायचं नाही, करारात पहिल्या आणि शेवटच्या दोन्ही एअरलाइनवर दावा करता येतो. आणि ट्रॅव्हल इन्शुरन्स असेल तर त्यांना पण लगेच कळवायचं, ते पीआयआर आणि एअरलाइनचं पत्र मागतात आणि एअरलाइनने दिलेली रक्कम सहसा वजा करतात. दादाने इन्शुरन्स काढलेला नव्हता.

३० दिवसांत आमच्या पत्राला फक्त "तुमचं प्रकरण तपासत आहोत" एवढं उत्तर आलं. २० जूनला आम्ही सरकारच्या एअरसेवा पोर्टलवर तक्रार टाकली, तिथे टाकलेली तक्रार एअरलाइनकडे जाते आणि तिचं स्टेटस दिसत राहतं. सोबत तेच पत्र, तेच कागद, नवीन काही लिहिलं नाही. ग्राहक आयोगाची तयारी पण करून ठेवली होती. २०१९ च्या कायद्याने तुम्ही राहता तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते, म्हणजे दादाला ठाण्यात आणि मला करायची वेळ आली असती तर बेलापूरच्या कोकण भवनला. तिकिटाचे दिलेले पैसे ५ लाखांपर्यंत असतील तर फी लागत नाही.

तिथवर जावं लागलं नाही. जुलैमध्ये नवीन ऑफर आली, वस्तूवार, कारणांसकट. टॅक्सीचे २४ पाऊंड नाकारले, कारण बोलावल्याची त्यांच्याकडे नोंद नाही म्हणे, आणि तो फोन आलेला होता पण लेखी काही नव्हतं, तेव्हा तिथे आम्हीच कमी पडलो, फोन झाल्यावर लगेच "आज तुम्ही मला बोलावलंत" अशी दोन ओळींची ईमेल टाकायला हवी होती. वाळे नाकारले, मौल्यवान वस्तू म्हणून. बाकी सगळं मान्य, २१९.४० पाऊंड आणि ५३,००० रुपये. म्हणजे आधीच्या ऑफरच्या जवळपास दुप्पट.

वाळ्यांसाठी आयोगात जायचं का यावर रविवारी नौपाड्यात बराच वेळ बोलणं झालं. दादाचं म्हणणं जायचंच. वहिनी म्हणाल्या, "वाळे मी दुसरे घेतले, पाठवले पण तिला. मला माझी दुपटी हवी होती, ती काय आयोग देणार आहे का." दादाने फॉर्मवर सही केली, सही करायच्या आधी पूर्ण फॉर्म, ऑफरची ईमेल आणि वस्तूवार तक्ता याची एकेक कॉपी काढून फाइलला लावली, आणि पैसे ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात खात्यात आले.